पाच वर्षांच्या आत पीएफ काढताय? कर कशावर लागतो, टीडीएस किती कापतात आणि रिटर्नमध्ये काय भरायचं

नोकरी सोडली, पीएफ काढला, खात्यात अपेक्षेपेक्षा कमी रक्कम आली. चौकशी केल्यावर कळतं की दहा टक्के टीडीएस कापला गेलाय. बहुतेकजण इथे एकतर "कर भरून झाला" असं समजून विषय सोडून देतात, नाहीतर "माझेच पैसे, त्यावर कर कसला" म्हणून चिडतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. टीडीएस म्हणजे आगाऊ कापून ठेवलेली रक्कम. खरा कर त्याहून कमी असू शकतो, जास्तही असू शकतो. तो किती, हे पीएफच्या रकमेतला कुठला भाग कुठून आला आणि तुम्ही मागच्या वर्षांत कुठली करप्रणाली निवडली होती यावर ठरतं. हा हिशेब मी स्वतः केलाय आणि नंतर ऑफिसातल्या बऱ्याच जणांना करून दिलाय. लोक नेमके कुठे अडकतात ते डोळ्यासमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीला एक गोष्ट. खाली दिलेली कलमं आयकर कायदा १९६१ची आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंत काढलेल्या रकमेला तोच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून जुन्या लेखातला क्रमांक नव्या फॉर्मवर सापडला नाही तर गोंधळून जाऊ नका.

१. आधी पाच वर्षं नीट मोजा

पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर पीएफची पूर्ण रक्कम करमुक्त असते आणि टीडीएसचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हे मोजायचं. गंमत अशी की इथेच सर्वात जास्त चुका होतात.

पाच वर्षं एकाच कंपनीत काढलेली असावी लागतात, असं नाही. आधीच्या कंपनीतला पीएफ तुम्ही नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केला असेल तर आधीच्या नोकरीचा काळही धरला जातो. आयकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलं आहे. पण अट ट्रान्सफरची आहे, आणि यूएएन एक असला म्हणजे ट्रान्सफर झालंच असं नसतं. प्रत्येक कंपनीत तुमचा वेगळा मेंबर आयडी तयार होतो आणि तो त्याच यूएएनखाली दिसतो. आतली रक्कम मात्र जुन्या आयडीतच पडून असू शकते.

समजा पहिल्या कंपनीत साडेतीन वर्षं आणि दुसरीत दोन वर्षं झाली. एकूण साडेपाच. पहिल्या आयडीतली रक्कम दुसरीत आणली नाही आणि थेट दुसऱ्या आयडीवरून क्लेम टाकला, तर समोर दोनच वर्षं दिसतात आणि टीडीएस कापला जातो. ट्रान्सफर आधी केलं असतं तर एक रुपयाही कापला गेला नसता.

म्हणून क्लेमचं बटण दाबण्याआधी मेंबर पोर्टलवर `View` मेनूतलं `Service History` उघडा. प्रत्येक आयडीसमोर रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख पाहा. सोडण्याची तारीख रिकामी असेल किंवा चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. मग पासबुकात जाऊन जुन्या आयडीत शिल्लक आहे का ते बघा. असेल तर `One Member - One EPF Account (Transfer Request)` मधून ट्रान्सफरचा अर्ज करा आणि रक्कम नव्या पासबुकात दिसेपर्यंत थांबा.

यात आणखी एक गैरसमज पक्का बसलेला आहे. नोकरी सोडून घरी बसलो आणि खातं तसंच ठेवलं तर पाच वर्षं आपोआप पूर्ण होतील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. मोजला जातो तो नोकरीचा काळ. खातं किती वर्षं उघडं आहे याचा इथे संबंध नाही. तीन वर्षं नोकरी करून पुढची दोन वर्षं खातं नुसतं ठेवलं, तरी नोकरी तीनच वर्षांची राहते. उलट नोकरी सुटल्यानंतर जमा होणारं व्याज करपात्र धरलं जातं.

२. नोकरी का सुटली, हे पाहा

पाच वर्षं झाली नसली तरी काही कारणांनी रक्कम करमुक्त राहते: तब्येत बिघडल्यामुळे नोकरी सुटली, कंपनीने धंदा बंद केला किंवा आवरता घेतला, किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या एखाद्या कारणाने नोकरी गेली. स्वतःहून राजीनामा दिला असेल तर ही सूट नाही.

अडचण कागदावर येते. कंपनी पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण टाकते, आणि बऱ्याच ठिकाणी एचआर सगळ्यांसाठी एकच नेहमीचं कारण, `CESSATION (SHORT SERVICE)`, निवडून मोकळं होतं. तुमची नोकरी खरंच कपातीत गेली असेल तर कंपनीकडून तसं लेखी पत्र घ्या आणि पोर्टलवरचं कारणही दुरुस्त करायला सांगा. हे काम क्लेमच्या आधी करायचं. टीडीएस कापून झाल्यावर पीएफ ऑफिस तो परत देत नाही. मग रिटर्नमध्येच परतावा मागावा लागतो, आणि तिथेही पुरावा म्हणून हेच पत्र लागतं.

नवी नोकरी लागली असेल किंवा लवकरच लागणार असेल तर माझं मत सरळ आहे: काढू नका, ट्रान्सफर करा. ट्रान्सफरवर कर नाही, टीडीएस नाही आणि वर्षांची मोजणी पुढे चालू राहते.

३. रकमेचे चार भाग पाडा

हा लेखाचा गाभा आहे, जरा सावकाश वाचा. तुमच्या हातात जी पीएफची रक्कम येते तिच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि प्रत्येकीचा कर वेगळा ठरतो.

पहिला भाग म्हणजे तुमच्या पगारातून कापलेली वर्गणी. ही तुमच्या पगारातूनच गेलेली आहे, म्हणून तिच्यावर पुन्हा उत्पन्न म्हणून कर लागत नाही. पण ज्या वर्षी तुम्ही तिच्यावर कलम ८०सीची वजावट घेतली असेल, त्या वर्षीची ती वजावट मागे घेतली जाते. म्हणजे त्या वर्षाचा कर पुन्हा मोजायचा, वजावट न धरता, आणि जितका फरक निघेल तितका आता भरायचा.

दुसरा भाग म्हणजे तुमच्या वर्गणीवरचं व्याज. हे ज्या वर्षी रक्कम काढली त्या वर्षी इतर स्रोतांतलं उत्पन्न म्हणून धरलं जातं.

तिसरा आणि चौथा भाग म्हणजे कंपनीने भरलेली वर्गणी आणि त्यावरचं व्याज. हे दोन्ही रक्कम काढल्याच्या वर्षी पगाराच्या सदरात येतात.

यामागचा नियम असा: पाच वर्षांच्या आत रक्कम काढली की तुमचा फंड पहिल्या दिवसापासून मान्यताप्राप्त नव्हताच, असं समजून कर मोजायचा. हे चौथ्या अनुसूचीच्या नियम ९ मध्ये आहे आणि कलम १११ त्याच नियमाकडे बोट दाखवतं. मान्यता नसलेल्या फंडात भरलेल्या वर्गणीला ८०सी मिळत नाही, म्हणून ती परत जाते. आणि तिथे कंपनीचा वाटा हातात आल्यावरच करपात्र होतो, म्हणून तो काढल्याच्या वर्षी धरला जातो.

हे चार आकडे पासबुकात मिळतात. पासबुकात `Employee Share`, `Employer Share` आणि `Pension Contribution` असे तीन रकाने असतात. वर्षाच्या शेवटी व्याजाची एक ओळ येते आणि तिच्यात दोन्ही वाट्यांचं व्याज वेगवेगळं छापलेलं असतं. सगळ्या वर्षांच्या ओळी एका कागदावर उतरवून घ्या. पेन्शनचा रकाना या हिशेबात धरायचा नाही. ते पैसे फॉर्म १०सी भरून वेगळे मिळतात. आणि तुमची पहिली नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतरची असून रुजू होतानाच मूळ पगार महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर तुम्ही पेन्शन योजनेत येत नाही आणि तो रकाना शून्यच असतो.

एक बारीक गोष्ट. पासबुकातली शेवटची शिल्लक आणि प्रत्यक्ष मंजूर झालेली रक्कम यांत फरक असतो. चालू वर्षाच्या महिन्यांचं व्याज मंजुरीच्या वेळी जोडलं जातं. म्हणून शेवटचा हिशेब मंजूर रकमेशी जुळवा.

४. टीडीएस केव्हा आणि किती

टीडीएसची तरतूद कलम १९२एमध्ये आहे. ती १ जून २०१५ पासून आली. तेव्हा मर्यादा ३०,००० रुपये होती, ती १ जून २०१६ पासून ५०,००० झाली. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पीएफ ऑफिस १० टक्के कापतं. हे १० टक्के पूर्ण रकमेवर कापले जातात, तुमची स्वतःची वर्गणी धरून. टीडीएस कापणारा चार भाग पाडत बसत नाही. ते काम रिटर्न भरताना तुमचं.

रक्कम ५०,००० पेक्षा कमी असली तर टीडीएस नाही. पण टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असं नाही. चार भागांचा हिशेब तेव्हाही तसाच लागू होतो.

पॅन नसेल तर दर १० ऐवजी २० टक्के होतो. (३१ मार्च २०२३ पर्यंत तो याहूनही बराच जास्त होता. जुन्या लेखांत ३४ टक्क्यांच्या वरचा आकडा दिसतो तो त्या काळचा.) पॅन आहे पण आधारशी जोडलेला नाही, म्हणून निष्क्रिय झालाय, तरीही तोच २० टक्क्यांचा फटका बसतो. तेव्हा क्लेम टाकण्याआधी पोर्टलवर `KYC` मध्ये पॅनसमोर तो पडताळलेला दिसतोय का ते पाहा. पॅनवरच्या नावात आणि यूएएनमधल्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी पडताळणी अडकते.

५. फॉर्म १५जी भरायचा की नाही

सायबर कॅफेत किंवा मित्रांच्या ग्रुपवर हमखास मिळणारा सल्ला: "१५जी अपलोड कर, टीडीएस कापत नाहीत." फॉर्म भरला की कापत नाहीत हे खरं. पण १५जी हे तुमच्या सहीचं घोषणापत्र आहे, आणि त्यात तुम्ही लिहून देता की या वर्षी माझ्या एकूण अंदाजित उत्पन्नावर कर शून्य आहे. शिवाय पीएफसारख्या अशा उत्पन्नाची रक्कम मूळ करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल तर तो फॉर्म चालत नाही. तुमचं वय ६० किंवा जास्त असेल तर १५एच, आणि त्याला ही दुसरी अट नाही.

ज्याचं वर्षभरात दुसरं काहीच उत्पन्न नाही आणि मागच्या वर्षांची ८०सीची वजावटही परत द्यायची नाही, त्याने १५जी जरूर भरावा. त्याच्यासाठीच तो आहे. पण पुढे सहा महिन्यांत नोकरी लागून पगारावर कर येणार आहे हे दिसत असताना भरला, तर ते खोटं घोषणापत्र ठरतं आणि कायद्यात त्याला शिक्षा आहे. कापला गेलेला टीडीएस रिटर्नमध्ये परत मिळतो. खोट्या सहीचं तसं नाही.

६. एक हिशेब शेवटपर्यंत

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. निलेशची ही पहिलीच नोकरी, एप्रिल २०२२ ते मार्च २०२५, पूर्ण तीन वर्षं. मूळ पगार २५,००० रुपये, त्यामुळे तो पेन्शन योजनेत नाही. त्याचे महिना ३,००० आणि कंपनीचे महिना ३,००० सगळे पीएफमध्ये. मार्चअखेर राजीनामा दिला. तेव्हाच्या नियमानुसार दोन महिने बेरोजगार राहिल्यावर फॉर्म १९ भरून पूर्ण रक्कम मागता येत होती. जुलै २०२५ मध्ये क्लेम मंजूर झाला. (ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हा दोन महिन्यांचा काळ बारा महिने करण्याचा निर्णय घेतला. म्हणून क्लेम टाकताना त्या दिवशीचा नियम पोर्टलवर पाहूनच पुढे जा.)

आकडे थोडे पूर्णांकात घेतलेत:

- निलेशची वर्गणी: १,०८,०००
- त्यावरचं व्याज: १६,०००
- कंपनीची वर्गणी: १,०८,०००
- त्यावरचं व्याज: १६,०००

एकूण मंजूर रक्कम २,४८,००० रुपये. टीडीएस २४,८००. बँकेत आले २,२३,२००. इथे पहिला सापळा: रिटर्नचा हिशेब बँकेत आलेल्या आकड्यावरून करायचा नाही, मंजूर रकमेवरून करायचा. कापलेले २४,८०० हेही तुमचेच पैसे आहेत, फक्त सरकारकडे जमा आहेत.

ऑगस्टमध्ये त्याला नवी नोकरी लागली. मार्च २०२६ पर्यंत आठ महिन्यांचा पगार ४,००,०००.

आधी २०२५-२६चं उत्पन्न मांडू. पगार ४,००,००० आणि कंपनीचा वाटा व्याजासकट १,२४,०००, मिळून ५,२४,०००. नव्या करप्रणालीत ७५,०००ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ४,४९,०००. त्यात त्याच्या स्वतःच्या वर्गणीवरचं व्याज १६,००० मिळवलं की ४,६५,०००. या वर्षी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे या भागावर त्याला काहीच भरायचं नाही.

आता मागची तीन वर्षं. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये तो नव्या करप्रणालीत होता. तिथे ८०सी नसतंच, त्याने वजावट घेतलेलीच नाही, तेव्हा परत काय द्यायचं? काहीच नाही. हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही आणि ते सगळ्या वर्षांची वर्गणी उत्पन्नात धरून बसतात.

उरलं २०२२-२३. त्या वर्षी तो जुन्या प्रणालीत होता. पगार ५,६०,०००. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, पीएफची ८०सी वजावट ३६,०००. करपात्र उत्पन्न ४,७१,५००. पाच लाखांच्या आत असल्यामुळे ८७एची सूट मिळून त्याने शून्य कर भरला होता.

आता ३६,००० काढून टाका. उत्पन्न होतं ५,०७,५००. पाच लाख ओलांडले, सूट गेली. पाच लाखांपर्यंतचा कर १२,५००, वरच्या ७,५०० वर २० टक्क्यांनी १,५००, मिळून १४,०००. त्यावर ४ टक्के उपकर ५६०. एकूण १४,५६०. त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला कर शून्य, म्हणून फरक पूर्ण १४,५६०.

नीट बघा, ३६,००० रुपयांच्या वजावटीपोटी साडेचौदा हजारांचा कर आला. कारण मधे पाच लाखांची रेषा आहे. तुमचं त्या काळातलं उत्पन्न ८०सीमुळे जेमतेम पाच लाखांच्या आत बसलं असेल, तर हिशेबाचा मोठा बोजा इथेच असतो, पीएफच्या व्याजात नाही. आणि त्या वर्षी तुमची विमा, ट्यूशन फी वगैरे मिळून दीड लाखाची मर्यादा पीएफशिवायच भरत असेल, तर पीएफ काढून टाकला तरी वजावट तेवढीच राहते आणि फरक शून्य येतो. म्हणून जुनं रिटर्न उघडून ८०सीत काय काय होतं ते पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

निलेशचा शेवटचा हिशेब: देय कर १४,५६०, कापलेला टीडीएस २४,८००, परतावा १०,२४०. त्याने रिटर्न भरलं नसतं तर हे दहा हजार गेलेच असते.

याच्या उलटही होतं. हीच पीएफची रक्कम, पण त्या वर्षी करपात्र पगार १८ लाख असेल तर? कंपनीचा वाटा आणि आपल्या वर्गणीवरचं व्याज मिळून १,४०,००० वर २० टक्के आणि उपकर, म्हणजे २९,१२०. टीडीएस कापलाय २४,८००. आणखी ४,३२० भरायचे, आणि जुन्या वर्षांचा फरक असेल तर तो वेगळा. सगळं धरून बाकी कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर लागू होतो आणि उशिरावर कलम २३४बी आणि २३४सीचं व्याज चढतं. म्हणून रक्कम ज्या तिमाहीत हातात आली त्याच तिमाहीत हिशेब करून टाकणं शहाणपणाचं.

७. रिटर्नमध्ये कुठे काय

लागणारी कागदपत्रं आधी एका ठिकाणी जमवा: सगळ्या मेंबर आयडींची पासबुकं, पीएफ काढला त्या वर्षाचा फॉर्म २६एएस आणि एआयएस, टीडीएसचं प्रमाणपत्र फॉर्म १६ए, नोकरीच्या प्रत्येक वर्षाचा फॉर्म १६ आणि त्या त्या वर्षी भरलेलं रिटर्न.

२६एएसमध्ये पीएफ ऑफिसच्या नावापुढे `192A` लिहिलेली नोंद दिसली पाहिजे. तिथली रक्कम आणि टीडीएस तुमच्या आकड्यांशी जुळवा. नोंदच नसेल तर तुमचा पॅन क्लेमला नीट जोडला गेला नव्हता, अशी शक्यता जास्त. आधी पीएफ ऑफिसकडे तक्रार नोंदवा, कारण नोंद नसताना मागितलेला परतावा अडकतो.

आयटीआर-१ इथे चालत नाही. आयटीआर-२ घ्या. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगाराच्या तक्त्यात `Profits in lieu of salary` खाली जातं. तुमच्या वर्गणीवरचं व्याज `Schedule OS` मध्ये नेहमीच्या व्याजासारखं. जुन्या वर्षांच्या फरकासाठी त्याच `Schedule OS` मध्ये `Accumulated balance of recognised provident fund taxable u/s 111` अशी ओळ आहे. तिच्यात वर्षवार तक्ता उघडतो: करनिर्धारण वर्ष, `Income benefit` आणि `Tax benefit`. निलेशच्या बाबतीत एकच ओळ: `2023-24`, ३६,०००, १४,५६०. आर्थिक वर्ष २०२२-२३ असलं तरी करनिर्धारण वर्ष त्याच्या पुढचं असतं, इथे हमखास एक वर्षाची चूक होते.

टीडीएसची नोंद पगाराच्या टीडीएसमध्ये टाकू नका. ती पगाराखेरीज इतर टीडीएसच्या तक्त्यात येते. तिथे आधीच भरून आली असेल तर फक्त ती उत्पन्नाच्या कुठल्या सदराशी जोडलीय ते तपासा.

नव्या कंपनीलाही या रकमेबद्दल कळवलं तर ते पगारातून कापायचा कर त्या हिशेबाने धरू शकतात. नाही कळवलं तरी चालतं, मग फरक तुम्हाला स्वतःला भरावा लागतो.

रिटर्न तपासून आल्यावर कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येते. तिच्यात एकीकडे तुम्ही भरलेले आकडे आणि दुसरीकडे विभागाने धरलेले आकडे शेजारी शेजारी असतात. दोन ओळी खास बघा: टीडीएसची, आणि कलम १११ खालच्या कराची. टीडीएस कमी धरला असेल तर २६एएसची प्रत जोडून `Rectification` चा अर्ज करता येतो. वर्षवार फरकाचा हिशेब ज्या कागदावर केलात तो आणि जुनी पासबुकं जपून ठेवा. कंपनीच्या वाट्याची आणि तुमच्या वाट्याची फोड विभागाकडे आपोआप जात नाही, त्यामुळे प्रश्न आला तर हाच कागद दाखवावा लागतो.